गोळी आधी, वरण नंतर

औषधाच्या पाकिटावर बॉलपेनाने एक शब्द लिहून द्यायची पद्धत आपल्याकडे सगळीकडे आहे: 'जेवणानंतर'. गोळी तापाची असो की सांधेदुखीची, रिकाम्या पोटी घेऊ नये, जळजळ होते, असा त्यामागचा हिशेब. बऱ्याच गोळ्यांना तो लागूही पडतो. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य गोळीच्या पाकिटावर हाच शब्द लिहिला गेला, की घरातल्या माणसांना पुढचे कित्येक महिने कोडं पडतं. सकाळची गोळी चालते, दुपारची चालत नाही. कंपनी तीच, पट्टी तीच, माणूस तोच.

आरमोरी तालुक्यातल्या ज्या घराबद्दल लिहितो आहे, ते एकच एक घर नाही. असे रुग्ण जसे येतात, जे सांगतात आणि त्यांना जे सांगितलं जातं, ते जुळवून हे घर उभं केलं आहे, म्हणजे कुणाचं आजारपण चव्हाट्यावर येत नाही. घरातल्या म्हाताऱ्याला आपण बाबूजी म्हणू. वय ६६, धानाची चार एकर शेती, आजार लागून सहा वर्षं झालेली. उजवा हात आधी थरथरू लागला, मग चाल बारीक झाली, मग चेहऱ्यावरचं हसू कमी झालं. सुरुवातीला घरच्यांना हा लकव्याचा प्रकार वाटला. त्यात नवल नाही, कारण गडचिरोली जिल्ह्यात लकवा ओळखीचा आहे. चातगावच्या 'सर्च' संस्थेत काम करताना मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कलकोंडे आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली छापलेल्या अभ्यासात पक्षाघात हे ग्रामीण गडचिरोलीतल्या मृत्यूंचं पहिलं कारण निघालं होतं. कंपवात त्या मानाने सावकाश येणारा आजार. त्याचं नाव कळेपर्यंत नागपूरच्या दोन फेऱ्या होतात.

नागपुरात निदान झालं आणि लेव्होडोपा-कार्बिडोपाची १०० अधिक २५ ताकदीची गोळी सुरू झाली, दिवसातून तीन वेळा. पहिली चार वर्षं उत्तम गेली. बाबूजी बांधावर जाऊन बसू लागले, मंडईत फिरू लागले. मग गोळीचा असर पुढच्या गोळीपर्यंत टिकेना. गेल्या वर्षभरात तर दुपार संपूर्ण हातची गेली. "जेवलो का मंग पाय जमिनीलेच चिकटते जी," हे त्यांचं वाक्य. वजन ५४ किलोचं ४७ झालं. पोट पाच-पाच दिवस साफ होईना. मुलगा त्यांना घेऊन आहारतज्ज्ञाकडे आला तो वजनासाठी. गोळी आणि जेवण यांचा काही संबंध असेल हे त्याच्या गावीही नव्हतं.

हा संबंध समजायला गोळीची वाट पाहायला हवी. कंपवातात मेंदूतलं डोपामिन कमी पडतं. डोपामिन थेट दिलं तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, म्हणून त्याच्या आधीची पायरी द्यायची, ती लेव्होडोपा. ही आहे रासायनिकदृष्ट्या अमिनो आम्ल, म्हणजे डाळ, अंडं, मासळी पचल्यावर जे सुटे तुकडे होतात त्यांच्याच कुळातली. जठरात ती शोषली जात नाही. जठर रिकामं होऊन ती लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरली, तरच तिथले वाहक रेणू तिला उचलून रक्तात नेतात. मेंदूच्या वेशीवर पुन्हा तसेच वाहक. अडचण अशी, की हे वाहक तिच्यासाठी राखीव नाहीत. प्रथिनांतून सुटलेली ल्युसिन, व्हॅलिन, फेनिलॲलनिन ही मंडळीही त्याच वाहकांवर चढतात. जेवणात प्रथिनं भरपूर असली की लेव्होडोपा आतड्यात मागे राहते, आणि रक्तात पोचली तरी मेंदूच्या वेशीवर पुन्हा मागे राहते. रक्तात तिचा मुक्काम मुळात थोडा, दीड तासात निम्मी संपते. दोन ठिकाणी ताटकळली की तिची वेळ टळलेली असते.

हे कळायला वैद्यकशास्त्रालाही काही वर्षं लागली. जॉर्ज कोत्झियास यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत लेव्होडोपाचे मोठे डोस देऊन खिळलेली माणसं चालती करून दाखवली. त्याच कोत्झियास यांनी इस्माएल मेना यांच्याबरोबर १९७५ साली लिहिलं, की प्रथिनं वाढवली की औषधाचा गुण ओसरतो. पुढे १९८४ साली जॉन नट आणि सहकाऱ्यांनी आणखी निर्णायक गोष्ट दाखवली. त्यांनी लेव्होडोपा शिरेतून दिली, म्हणजे आतड्याचा प्रश्नच ठेवला नाही. तरी प्रथिनांचं जेवण दिल्यावर रुग्ण आखडला, रक्तात औषध पुरेसं असूनही. मेंदूच्या वेशीवरची अडवणूक त्यातून उघड झाली. तीन वर्षांनी पिंकस आणि बॅरी यांनी उपाय मांडला: प्रथिनं दिवसा जवळजवळ बंद आणि सगळी रात्रीच्या जेवणात.

आता बाबूजींचं दुपारचं ताट. सूनबाई मन लावून करणारी. सासरे वाळत चालले म्हणून तिने दुपारच्या जेवणात 'ताकद' घातली होती: भातावर घट्ट वरण, सुकटीची भाजी, एक उकडलेलं अंडं, वर वाटीभर दही. जेवण एकला, गोळी दीडला, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे. सकाळी मात्र पोहे किंवा चहा-मुरमुरे, आणि त्यानंतर गोळी. म्हणून सकाळची चालायची. घरात कुणी चुकत नव्हतं. जितकी माया वाढली, तितकी दुपारची गोळी निकामी होत गेली.

आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्या भेटीत काहीच बदललं नाही. एक वही दिली. एका पानावर एक दिवस, उभ्या रकान्यात सकाळी सहापासून रात्री दहापर्यंतचे तास. सूनबाईंनी तीनच गोष्टी लिहायच्या: गोळी किती वाजता, तोंडात काय गेलं आणि किती वाजता, आणि त्या तासाला बाबूजी 'मोकळे' की 'आखडलेले'. शौचाला झालं तर त्या तासावर फुली. आठवडाभरानंतर वही बोलू लागते. बाबूजींच्या वहीत सात दिवसांपैकी पाच दिवस दुपारी दोन ते पाच आखडलेले होते, आणि दोन दिवस नव्हते. त्या दोन दिवसांत काय वेगळं होतं? एका दिवशी एकादशी, दुपारी साबुदाणा आणि रताळं. दुसऱ्या दिवशी सूनबाई माहेरी, म्हातारीने नुसता भात आणि अंबाडीची भाजी वाढलेली. एरवी हे कुणाच्या लक्षात आलं नसतं.

ही वही दुसऱ्या एका कारणासाठीही लागते. दुपारची गोळी न चालण्याचं कारण दर वेळी प्रथिनंच असतं असं नाही. जेवण कसंही असलं तरी प्रत्येक गोळीचा असर ठरावीक वेळाने संपत असेल, तर तो आजार पुढे सरकल्याचा भाग, आणि त्यावर डॉक्टरांनी गोळ्यांची संख्या किंवा अंतर बदलायचं असतं. तिथे डाळ-अंड्याला दोष देऊन उपयोग नाही. सगळ्याच रुग्णांवर प्रथिनांचा असा परिणाम होत नाही, आणि आजाराच्या सुरुवातीच्या वर्षांत तर बहुतेकांना तो जाणवतही नाही. ज्याला जाणवत नाही, त्याच्या ताटातल्या वरणाला हात लावायचं कारण नाही.

पहिला बदल फक्त घड्याळाचा होता. गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, आणि आधी जमलं नाहीच तर जेवणानंतर किमान दीड-दोन तासांनी. सकाळची गोळी उठल्यावर साडेसहाला, पेलाभर पाण्याबरोबर, नाश्ता सव्वासातला. दुपारची सव्वाबाराला, जेवण एकला. संध्याकाळची सहाला, जेवण पावणेसातला. पाण्याचा पेला शिष्टाचार म्हणून नाही. घोटभर पाण्यावर गिळलेली गोळी घशात किंवा जठरात रेंगाळते, भरल्या पेल्याबरोबर ती लवकर खाली उतरते. दुधाबरोबर गोळी नको, कारण दूध म्हणजे प्रथिनंच. रिकाम्या पोटी मळमळ झाली तर दोन घास मुरमुरे किंवा रताळ्याची फोड चालते, त्यात प्रथिन नावापुरतं.

या बदलाचा दुसरा फायदा असा, की गोळी पाऊण तास आधी घेतली की जेवायच्या वेळी हात चालू असतो. जेवणानंतर गोळी घेणारा माणूस आखडलेल्या हाताने, थरथरत्या घासाने, निम्मं सांडत जेवतो आणि थकून ताट सरकवतो. घरचे म्हणतात, भूक मेली. भूक असते, चमचा तोंडापर्यंत पोचत नाही. बाबूजींच्या वजनातला काही भाग या सांडलेल्या भातात होता.

मळमळीबद्दल इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण खेड्यात ती वारंवार घडते. उलटी होते म्हणून जवळच्या दवाखान्यात मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिलं जातं. ते डोपामिनलाच अडवतं. कंपवाताच्या माणसाला ते दिलं की तो एका दिवसात लाकूड होतो. मळमळीला दुसरी औषधं आहेत, ती कोणती हे डॉक्टरांनी हृदयाचा आलेख पाहून ठरवायचं. घरच्यांनी एवढंच करायचं, की कुठल्याही दवाखान्यात पाय ठेवताना आधी सांगायचं: यांना कंपवात आहे. लोहाच्या गोळीचंही तसंच. गडचिरोलीत रक्त कमी असणं सर्रास, त्यामुळे लाल गोळ्या घरोघरी असतात. लोह पोटात लेव्होडोपाला धरून ठेवतं आणि शोषण घटतं. लोह हवं असेल तर ते लेव्होडोपाच्या प्रत्येक गोळीपासून दोन तास तरी लांब, रात्री झोपताना घेतलेलं बरं.

वेळ बदलून दोन आठवड्यांनी वही पुन्हा पाहिली. दुपार सुधारली होती, पुरती नाही. दोन वाजेपर्यंत मोकळे, तीननंतर पुन्हा आखडणं. म्हणजे गोळी चढत होती, पण एकच्या जेवणातली प्रथिनं मागाहून येऊन तिला मेंदूच्या वेशीवर गाठत होती. आता ताटाकडे वळायची वेळ आली.

इथे पुस्तकातला नियम जसाच्या तसा लावला तर झाडीपट्टीत माणूस उपाशी मरेल. नियम सांगतो, संध्याकाळपर्यंत सगळी मिळून ७ ते १० ग्रॅम प्रथिनं. आपण भाताला प्रथिन समजत नाही, पण शंभर ग्रॅम तांदळात सात ग्रॅमच्या आसपास असतं. बाबूजी दुपारी सव्वाशे ग्रॅम तांदळाचा भात खातात, तिथेच साडेआठ ग्रॅम झाले. सकाळच्या पोह्यांत चार. भाजीत दोन. वरणाचा थेंब न घेता साडेचौदा. नियम पाळायचा तर भात निम्मा करावा लागेल, आणि ४७ किलोच्या माणसाचा भात निम्मा करणं म्हणजे रोगापेक्षा उपाय जड. पाव आणि बटाटा खाणाऱ्या देशांत बसवलेला आकडा इथे आणताना ही कसर काढायलाच हवी. सुदैवाने भाताची बाजू घेणारं कारणही आहे. पिष्टमय पदार्थ भरपूर आणि प्रथिन थोडं असं जेवण झालं, की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातली ती स्पर्धक अमिनो आम्लं काही प्रमाणात स्नायूंत ओढली जातात. भातात पिष्ट प्रथिनाच्या दहा-अकरा पट असतं. त्यामुळे दुपारी भात पोटभर, फक्त त्याच्या सोबतीचे सगळे 'ताकदीचे' पदार्थ उचलून रात्री.

बाबूजींना ४७ किलोला दिवसाकाठी ५० ते ५५ ग्रॅम प्रथिनं हवीत. वय आणि वजन पाहता यापेक्षा कमी चालणार नाही. सकाळी आणि दुपारी मिळून साडेचौदा गेले, उरले चाळीसच्या आसपास. रात्री शंभर ग्रॅम तांदळाचा भात, त्यातले सात. तुरीची चाळीस ग्रॅम डाळ, म्हणजे मोठी वाटीभर घट्ट वरण, त्यातले नऊ. वैनगंगेची किंवा तळ्याची ताजी मासळी पाऊणशे ग्रॅम, चौदा. मासळी नसेल तर पंचवीस ग्रॅम सुकट त्याच तोलाची. एक अंडं, सहा. झोपताना छोटा पेला दूध, पाच. बेरीज जमली. एकही पदार्थ नवा आणायचा नव्हता, बाजारातली प्रथिन-पावडरही नको. ताटातल्या वस्तू दुपारहून रात्रीवर सरकल्या, बस.

सूनबाईंना हे पटायला वेळ लागला. दुपारच्या जेवणात पुरुषमाणसाला कोरडा भात आणि भाजी वाढायची म्हणजे शेजारच्यांनी पाहिलं तर काय, असा तिचा प्रश्न होता. त्यावर तोडगा निघाला तो टमाट्याच्या सारावर आणि जवसाच्या तेलाच्या फोडणीवर. भात कोरडा राहिला नाही, आणि तेलामुळे त्यात उष्मांकही पडले.

याची किंमत रात्री मोजावी लागते. प्रथिनं सगळी रात्री गेली, की संध्याकाळच्या गोळीचा असर लवकर ओसरतो आणि अंथरुणात कुशीवर वळणं अवघड होतं. बाबूजींना ते झालं. म्हातारी आता मध्यरात्री एकदा उठून त्यांना कूस बदलून देते. बाबूजींनी हा सौदा मान्य केला, दिवस मोकळा हवा म्हणाले. प्रत्येक जण मान्य करेल असं नाही. एकट्या राहणाऱ्या, रात्री दोनदा लघवीला उठावं लागणाऱ्या माणसासाठी हा सौदा घातक ठरू शकतो, कारण आखडून उठताना पडला तर खुब्याचं हाड जातं. उलट बाजूने, दिवसा औषध अचानक चांगलं शोषलं जाऊ लागलं की अंग आपोआप वळवळू लागतं, मान-खांदे नाचल्यासारखे हलतात. गुण कमी पडल्याची ही खूण नसते, डोस जास्त होत असल्याची असते. तेव्हा ताट बदलताना डॉक्टरांना कळवायलाच हवं, गोळी मात्र स्वतःच्या मनाने कमी-जास्त करायची नाही, आणि अचानक बंद तर कधीच नाही.

वजनाचा धागा इथेच येऊन मिळतो. ५४ किलोच्या माणसाला ठरवलेल्या गोळ्या ४७ किलोचा माणूस घेत राहिला, तर किलोमागे औषध वाढतं. अंग वळवळतं. वळवळीत उष्मांक जळतात. वजन आणखी उतरतं, किलोमागे औषध आणखी वाढतं. हे चक्र एकदा फिरू लागलं की घरचे म्हणतात, इतकं खातात तरी अंगाला लागत नाही. वर्षभरात सात किलो म्हणजे १३ टक्के वजन गेलं होतं. सहा महिन्यांत पाच टक्के गेलं तरी थांबून विचार करावा. आणि विचार करताना सगळं कंपवातावर ढकलू नये. आपल्या भागात आधी थुंकीची तपासणी, कारण क्षयरोग हा वजन खाणारा जुना पाहुणा. मग साखर, थायरॉइड, मन उदास आहे का. बाबूजींच्या या तपासण्या झाल्या आणि काही निघालं नाही.

मग खाण्याकडे बारकाईने पाहिलं. बाबूजींना वास येत नव्हता. चुलीवर सुकट भाजली जात असताना ते शेजारी बसून विचारत होते, आज काय केलं. कंपवातात घ्राणशक्ती बऱ्याचदा हाताच्या कंपाच्याही कित्येक वर्षं आधी जाते, आणि वास गेला की चव अर्धी जाते. अशा माणसाला मऊ, पचायला हलकं, बिनमसाल्याचं जेवण देणं ही शिक्षा. त्याला आंबट, तिखट, कुरकुरीत लागतं: चिंचेचा कोळ, अंबाडी, लसणाची चटणी, वर सांभार. घशाचंही पाहिलं. पाणी पिताना ठसका लागतो का, जेवल्यावर आवाज ओला, घोगरा होतो का, जेवायला पाऊण तासाहून जास्त वेळ लागतो का. यातलं काही असतं तर कुरकुरीत बंद करून आधी गिळण्याची तपासणी करावी लागली असती. बाबूजींना एवढ्यात नाही.

उष्मांक वाढवायचे, पण दिवसा प्रथिन न वाढवता. एरवी कृश माणसाला दूध, शेंगदाणे, अंडी सांगून मोकळं होता येतं. इथे तो रस्ता रात्रीपुरताच. दिवसासाठी उरतात तेल, तूप, गूळ, केळी, रताळं. पोह्यांवर एक मोठा चमचा तेल, दुपारच्या भातावर दुसरा. दोन्हींचे मिळून अडीचशे उष्मांक झाले. चार वाजता गुळाच्या पाण्यात शिजवलेलं रताळं, नाहीतर दोन केळी, आणखी दोनशे. वाळलेली मोहफुलं घरात असतातच. ती साखरेने भरलेली असतात, धुऊन, भाजून, गूळ-तुपात कुटून त्यांचे लाडू करतात, तेही चार वाजताचे. जवसाचा लाडू मात्र रात्रीच्या दुधाबरोबर, जवसात प्रथिन पुष्कळ. वजन आठवड्यातून एकदा, सोमवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर. पहिले तीन आठवडे काटा ४७ वरच होता. उतरणं थांबलं, हीच पहिली कमाई. आठव्या आठवड्यात ४८.४.

शौचाला जाऊन आल्यावर, हे म्हणणं सोपं आहे. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी १८१७ साली या रोगावर पहिला निबंध लिहिला, त्यातही मंद आतड्यांची नोंद आहे. आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंनाही हा रोग धरतो, काही वेळा हात थरथरायच्या कित्येक वर्षं आधी. म्हणून इथली बद्धकोष्ठता केवळ भाजी न खाल्ल्याची नसते. बाबूजींच्या बाबतीत आणखी कारणं होती. रात्री उठावं लागू नये म्हणून ते दुपारनंतर पाणीच पीत नसत. कंपासाठी जुनी एक गोळी चालू होती, ट्रायहेक्सिफेनिडिल. ती तोंड कोरडं करते, आतडं झोपवते आणि म्हाताऱ्यांच्या डोक्यात गोंधळही घालते. डॉक्टरांनी ती हळूहळू कमी करत बंद केली.

आणि बाबूजींनी इसबगोल सुरू केलं होतं, दोन चमचे, चार घोट पाण्यात. कुणीतरी चांगल्या मनाने सांगितलेलं. इसबगोल पाणी शोषून फुगतं. वरून पाणी नसेल आणि आतडं मंद असेल, तर तेच आत सिमेंटसारखं बसतं. बाबूजींचं पोट त्यानेच तट्ट फुगलं होतं. मधून पातळ जुलाब होत होते म्हणून घरच्यांना वाटलं पोट साफ आहे. खरं तर अडकलेल्या खड्यांच्या बाजूने पाझरणारं ते पाणी होतं. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी दिली तर अनर्थ. आधी डॉक्टरांनी पोट मोकळं करून घेतलं, मगच आहाराची भाषा सुरू झाली.

पाणी दिवसाला दीड ते दोन लिटर; हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असता तर ते डॉक्टरांना विचारून. त्यातलं निम्मं दुपारी बारापर्यंत आणि जवळजवळ सगळं संध्याकाळी सहापर्यंत, म्हणजे रात्रीची भीती उरत नाही. कोंडा उतरलेल्या पांढऱ्या तांदळात चोथा नाही, म्हणून दुपारच्या ताटात भाजीचा वाटा दुप्पट: पावसाळ्यात तरोटा, एरवी अंबाडी, मुंगन्याचा पाला, पिकली पपई, पेरू. पोपटाच्या शेंगा हिवाळ्यात आवडीच्या, पण दाणे प्रथिनाचे, तेव्हा त्या रात्री. चोथा वाढवायचा तो आठवड्या-आठवड्याने, पाण्याच्या मागोमाग. याने भागलं नाही तेव्हा मॅक्रोगोलची पावडर रोज एक पुडी, १७ ग्रॅम, पेलाभर पाण्यात. ती आतड्यात पाणी धरून ठेवते, सवय लावत नाही.

वेळ इथेही कामाला आली. शौचाला जोर लावणारे आणि सैल सोडणारे स्नायूही याच रोगाच्या ताब्यात असतात. गोळीचा असर असताना ते ऐकतात. साडेसहाची गोळी, सव्वासातचे पोहे आणि गरम चहा, पावणेआठला संडास. जेवणाने आतड्याला आपसूक ढकल मिळते आणि गोळीने स्नायू मोकळे असतात, दोन्ही एकाच वेळी. उकिडवं बसणं उत्तम, पण बाबूजींना उठता येईना, म्हणून संडासावर खुर्ची आणि पायाखाली पाट. पाच दिवसांवरून दोन दिवसांवर आलं. आतडं तुंबलेलं असलं की जठरही सावकाश रिकामं होतं. पोट सुटल्यावर सकाळच्या गोळीला चढायला पूर्वी तास लागे तो अर्ध्या तासावर आला, हे वहीतच दिसलं. पोट फुगून उलट्या आणि वाराही सरत नाही असं झालं, तर मात्र घरी काढे न करता थेट दवाखाना, हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलं.

मधल्या काळात एका नातेवाइकाने खाजकुयलीच्या बियांची पूड आणून दिली. तिच्यात खोटं काही नाही. दामोदरन आणि रामस्वामी या मद्रासच्या संशोधकांनी १९३७ सालीच तिच्या बियांतून लेव्होडोपा वेगळी काढली होती. नेमकं म्हणूनच ती जपून. बीमध्ये लेव्होडोपा साधारण चार ते सहा टक्के, म्हणजे पाच ग्रॅम पुडीत दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम असू शकते, आणि गोळीतलं कार्बिडोपा तिलाही जोर देतं. कोणत्या पुडीत किती, हे पुडी सांगत नाही. गोळ्या चालू असताना वरून ती घेतली तर अंग वळवळणं, रक्तदाब उतरणं, भलतंच दिसू लागणं होऊ शकतं. बाबूजींनी ती पूड बाजूला ठेवली, नातेवाइकाला मात्र घेतो म्हणून सांगितलं.

दिवाळी जवळ आली तेव्हा त्यांचा एकच प्रश्न होता. भाऊबीजेनंतर मंडई भरते, वडशाच्या कंपनीचं नाटक येतं आणि ते रात्री दहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. तीन वर्षं ते गेले नव्हते. रात्री तर आखडायला होतं, मग कसं?

बाईंनी वहीत त्या दिवसाचं पान उलटं मांडून दिलं. त्या दिवशी घट्ट वरण, मासळी, अंडं सगळं दुपारी. दुपार आखडली तर आखडू द्यायची, पडून राहायचं, बाहेर जायचं नाही. चारला रताळं. सहाची गोळी नेहमीसारखी, पावणेसातला नुसता भात, सार आणि अंबाडी. झोपतानाचं दूध त्या दिवशी नाही. नाटकासाठी जास्तीची एक गोळी साडेनऊला चालेल का, हे नागपूरच्या डॉक्टरांना फोनवर विचारलं. त्यांनी एका रात्रीपुरती होकार दिला, उठताना सावकाश उठा, चक्कर येऊ शकते, असं बजावून. मध्यंतरात भजी, उकडलेले चणे नकोत, चिवडा चालेल, पण त्यातले दाणे निवडून.

"अन् चहा?" बाबूजींनी विचारलं.

बिनदुधाचा, असं बाईंनी सांगितलं, आणि सूनबाईंनी ते वहीत लिहून घेतलं.